एक्सपायरी जवळ येताना डेल्टा: प्रकल्प नोंदी

५ मे

डेस्कवर नव्याने आलेल्या मंडळींसाठी एक छोटं साधन बांधायला घेतलं आहे. काम एकच: एक्सपायरीच्या आधीचे शेवटचे दिवस आणि विशेषतः शेवटचे तास अ‍ॅट-द-मनी ऑप्शनचा डेल्टा कसा वागतो ते आकड्यांत दिसावं. डेल्टा म्हणजे मूळ भाव एक पॉइंट हलला की ऑप्शनची किंमत किती हलते तो आकडा, आणि गॅमा म्हणजे तोच भाव एक पॉइंट हलला की डेल्टा किती सरकतो तो. ग्रीक्सची व्याख्या सगळ्यांना पाठ असते. "एक्सपायरीला गॅमा वाढतो" हेही सगळे म्हणतात. पण किती वाढतो, कुठे वाढतो आणि त्याचा हेज करणाऱ्याच्या हातातल्या युनिट्सवर काय परिणाम होतो, हे विचारलं की उत्तर सैल होतं. ते घट्ट करायचं आहे.

आकडे मुद्दाम गोल घेतले आहेत. मूळ मालमत्तेचा भाव म्हणजे स्पॉट १०००, कॉलची, म्हणजे ठरलेल्या भावाला खरेदी करण्याच्या हक्काची, स्ट्राइक म्हणजे तो ठरलेला भाव १०००, वार्षिक व्होलॅटिलिटी १६ टक्के, व्याज आणि लाभांश शून्य. वर्षात व्यवहाराचे दिवस २५६ धरले, कारण २५६ चं वर्गमूळ १६ येतं आणि एका दिवसाचं प्रमाणित विचलन बरोबर १ टक्का, म्हणजे १० पॉइंट पडतं. खऱ्या बाजारात दिवस २५० च्या आसपास असतात, पण तेवढ्याने काही बिघडत नाही. गोल आकड्यांचा फायदा असा की पुढची बरीच गणितं डोक्यात करता येतात, आणि जे डोक्यात करता येतं तेच हेज करताना आठवतं.

मॉडेल १९७३ चं ब्लॅक-शोल्स. त्याच्या मर्यादा आहेत, त्यांची नोंद पुढे येईल. पण डेल्टा अस्थिर का होतो हे समजायला ते पुरेसं आहे.

६ मे

पहिला तक्ता तयार झाला. वर स्पॉट, डावीकडे उरलेले दिवस, आत कॉलचा डेल्टा.

| उरलेले दिवस | ९९० | १००० | १०१० |
|---|---|---|---|
| २५ | ०.४३ | ०.५१ | ०.५९ |
| ४ | ०.३१ | ०.५० | ०.६९ |
| १ | ०.१६ | ०.५० | ०.८४ |
| १/४ | ०.०२ | ०.५० | ०.९८ |

मधला रकाना जवळजवळ हलत नाही. फक्त तोच पाहिला तर वाटेल की अ‍ॅट-द-मनी ऑप्शन सगळ्यांत शांत आहे, २५ दिवस असोत की पाव दिवस, डेल्टा अर्ध्यावरच. सगळी गोष्ट दोन्ही बाजूंच्या रकान्यांत आहे. २५ दिवस उरलेले असताना ९९० पासून १०१० पर्यंत स्पॉट गेला तर डेल्टा ०.४३ वरून ०.५९ होतो. तोच प्रवास पाव दिवस उरलेला असताना झाला तर डेल्टा ०.०२ वरून ०.९८ वर पोहोचतो, म्हणजे "जवळजवळ काहीच नाही" पासून "जवळजवळ पूर्ण मालमत्ता" इथपर्यंत.

कारण एका वाक्यात बसतं: डेल्टा पॉइंट मोजत नाही, उरलेल्या हालचालीच्या मानाने अंतर मोजतो. २५ दिवसांत भाव साधारण किती फिरू शकतो? १० पॉइंट गुणिले २५ चं वर्गमूळ, म्हणजे ५० पॉइंट. त्या ५० पुढे १० पॉइंटचं अंतर म्हणजे पाचवा हिस्सा, अजून काहीही होऊ शकतं. एक दिवस उरला की अपेक्षित हालचाल १० पॉइंट, म्हणजे तेच अंतर आता पूर्ण एक प्रमाणित विचलन आहे. पाव दिवस उरला की हालचाल ५ पॉइंट आणि अंतर दोन विचलनं. तिथून परत फिरण्याची शक्यता उरते ती शेकडा दोन-तीन.

क्रिकेट बघणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही: पाचव्या षटकातली एक धाव आणि शेवटच्या चेंडूवरची एक धाव धावफलकावर सारखीच दिसते, पण निकाल फिरवण्याची तिची ताकद सारखी नसते.

८ मे

हिशोबाचं मूळ फंक्शन लिहिलं. बाहेरची कुठलीही लायब्ररी नको होती, म्हणून `erf` वापरून काम भागवलं.

```python
from math import erf, exp, log, pi, sqrt

def delta_gamma(S, K, sigma, days):
    s = sigma * sqrt(days / 256)
    d1 = log(S / K) / s + s / 2
    delta = 0.5 * (1 + erf(d1 / sqrt(2)))
    gamma = exp(-d1 * d1 / 2) / (sqrt(2 * pi) * S * s)
    return delta, gamma
```

यातला `s` महत्त्वाचा, तीच उरलेली हालचाल. `d1` मध्ये तो भागाकारात आहे आणि गॅमामध्येही भागाकारात आहे. अ‍ॅट-द-मनी गॅमा साधारण ०.४ भागिले पॉइंटमधली उरलेली हालचाल इतका येतो. म्हणजे २५ दिवसांना ०.४/५० = ०.००८, चार दिवसांना ०.०२, एका दिवसाला ०.०४, पाव दिवसाला ०.०८ आणि दिवसाचा सोळावा भाग उरला की ०.१६. शेवटच्या आकड्याचा अर्थ असा की स्पॉट एक पॉइंट हलला की डेल्टा ०.१६ ने सरकतो.

वर्गमूळामुळे एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. उरलेला वेळ चौपट कमी झाला की गॅमा दुप्पट होतो. त्यामुळे २५ दिवसांवरून २४ वर येताना काहीच जाणवत नाही, पण शेवटच्या दिवशी गॅमा दुप्पट व्हायला पाऊण दिवस लागतो, पुढची दुप्पट त्यानंतरच्या थोड्याशा वेळात होते, आणि त्यापुढची त्याहून लवकर.

दुसरी गोष्ट मला स्वतःला सगळ्यांत उपयोगी वाटते, आणि ती क्वचितच सांगितली जाते. गॅमाचा आलेख स्पॉटच्या अक्षावर काढला तर त्याखालचं क्षेत्रफळ कायम एक असतं. असणारच, कारण डेल्टा डावीकडे शून्य आणि उजवीकडे एक असतो, आणि या दोन टोकांमधली चढण म्हणजेच सगळा गॅमा. एक्सपायरी जवळ येताना गॅमा "वाढत" नाही, तो गोळा होतो. २५ दिवस आधी त्यातला सुमारे दोन तृतीयांश भाग ९५० ते १०५० मध्ये पसरलेला असतो. एक दिवस उरला की तेवढाच भाग ९९० ते १०१० मध्ये, पाव दिवसाला ९९५ ते १००५ मध्ये. शिखर उंच होतं कारण पाया अरुंद होतो.

म्हणूनच स्ट्राइकपासून लांबचे ऑप्शन उलट शांत होतात. स्पॉट १००० असताना १०५० च्या कॉलचा गॅमा २५ दिवसांना सुमारे ०.००५ आहे, अ‍ॅट-द-मनीच्या निम्म्याहून जास्त. चार दिवस उरले की तो ०.००१ वर येतो आणि शेवटच्या दिवशी जवळजवळ शून्य. "एक्सपायरीला गॅमा वाढतो" हे वाक्य त्यामुळे अर्धंच खरं आहे. साधनात ते वाक्य कुठेही येणार नाही.

१२ मे

आज स्पॉट न हलवता फक्त वेळ पुढे नेली. स्पॉट १००५ वर खिळवला. २५ दिवसांना डेल्टा ०.५५, चार दिवसांना ०.६०, एका दिवसाला ०.६९, पाव दिवसाला ०.८४, सोळाव्या भागाला ०.९८. तसंच ९९५ वर: ०.४७, ०.४०, ०.३१, ०.१६, ०.०२.

भाव जागचा हलला नाही, तरी शेवटच्या दिवसाच्या सुरुवातीला ०.६९ वर हेज करून बसलेल्या माणसाला शेवटी ०.९८ ची गरज आहे. ऑप्शन विकलेल्या माणसाने मधल्या वेळात काही केलं नाही तर त्याचा हेज आपोआप अपुरा पडतो. या सरकण्याला चार्म म्हणतात. गॅमाइतकं त्याचं नाव होत नाही, पण शेवटच्या दिवशी तोही तितकाच काम लावतो. फरक एवढाच की गॅमाची दिशा बाजार ठरवतो आणि चार्मची दिशा आधीच माहीत असते: स्ट्राइकच्या वर असेल तर एककडे, खाली असेल तर शून्याकडे. बरोबर स्ट्राइकवर चार्म जवळजवळ शून्य असतो, स्ट्राइकपासून थोडं बाजूला गेलं की तो सगळ्यांत जोराचा असतो.

१३ मे

घड्याळाचा निर्णय. उरलेला वेळ मिनिटांत मोजायचा, तोही व्यवहाराच्या मिनिटांत. वापरात असलेल्या बऱ्याच शीट्स वेळ पूर्ण दिवसांत मोजतात. महिनाभर आधी ते चालतं. शेवटच्या दिवशी मात्र अशी शीट दिवसभर "१ दिवस" धरून बसते आणि १००५ ला शेवटपर्यंत ०.६९ दाखवत राहते, खरा आकडा ०.९८ झालेला असला तरी. शीट अशी आहे का हे ओळखायची सोपी रीत: स्पॉटचा रकाना हाताने गोठवायचा आणि तासाभराने डेल्टा पाहायचा. शेवटच्या दिवशी स्पॉट स्ट्राइकपासून थोडा बाजूला असूनही डेल्टा हलला नसेल तर घड्याळ थांबलेलं आहे.

रात्र आणि सुट्ट्या किती धरायच्या हा वेगळा प्रश्न. बाजार बंद असताना बातम्या बंद नसतात, त्यामुळे रात्रीला शून्य वजन देणंही बरोबर नाही. रात्रीच्या वजनासाठी एक मोकळा रकाना ठेवला आहे, वापरणाऱ्याने आपल्या बाजाराप्रमाणे भरावा. शेवटच्या सत्रात हा प्रश्न उरत नाही.

१५ मे

सहकाऱ्याने तक्ते पाहून नेमका प्रश्न विचारला: "गॅमा एवढा असेल तर शेवटच्या दिवशी अ‍ॅट-द-मनी विकत घेऊन बसलं तर? दोन्हीकडे फायदाच की!"

किमती मांडल्या. अ‍ॅट-द-मनी कॉल २५ दिवसांना सुमारे १९.९५, एका दिवसाला ३.९९, पाव दिवसाला २. आता स्पॉट एकदम १० पॉइंट वर गेला असं धरू. २५ दिवसांचा कॉल सुमारे ५.५ ने वाढतो, सव्वापटीहून थोडा अधिक होतो. एका दिवसाचा कॉल ३.९९ वरून १०.८ वर जातो. पाव दिवसाचा २ वरून १० वर, म्हणजे पाचपट. उलट १० पॉइंट खाली गेला तर २५ दिवसांच्या कॉलमध्ये १५ च्या वर किंमत शिल्लक असते, एका दिवसाच्यात ०.८, आणि पाव दिवसाच्यात ०.०४. उड्या मारतो असं ज्याला म्हणतात ते हेच.

पण त्या गॅमाचं भाडं थीटामध्ये, म्हणजे नुसती वेळ गेल्याने ऑप्शनच्या किमतीत होणाऱ्या घटीत भरलेलं असतं, आणि भाडं गॅमाच्याच प्रमाणात वाढतं. आपल्या आकड्यांत दिवसाचा थीटा म्हणजे गॅमा गुणिले ५०. २५ दिवसांना रोजचं ०.४०. एक दिवस उरला की त्या क्षणीचा दर रोजी २, आणि ऑप्शनची किंमतच ४. थीटा भरून निघायला स्पॉट किती हलायला हवा हे काढलं तर दोन्हीकडे उत्तर एकच येतं: दिवसाला १० पॉइंट. २५ दिवस आधीही दहा, शेवटच्या दिवशीही दहा. गॅमा मोठा म्हणून ऑप्शन स्वस्त किंवा महाग होत नाही. बाजार दिवसाला १० पॉइंटहून जास्त हलतो की कमी, ही पैज तीच राहते. शेवटच्या दिवशी ती लवकर आणि जोरात निकाली निघते, एवढंच.

सहकाऱ्याचं समाधान झालं, आणि हा प्रश्न साधनात उदाहरण म्हणून घालायचं ठरलं.

१९ मे

आज मुख्य उदाहरण पूर्ण केलं. एका विक्रेत्याने शेवटच्या दिवसाच्या सुरुवातीला १००० कॉल विकले, प्रत्येक एका युनिटवर, किंमत ३.९९. हाती ३९९०. तो सहा वेळा हेज बसवतो, आणि एक्सपायरीला हातातली युनिट्स विकून मोकळा होतो. भावाचा मार्ग मुद्दाम असा घेतला की दिवसाअखेर स्पॉट जिथून निघाला तिथेच जवळपास परततो, पण मध्ये स्ट्राइकला ये-जा करत राहतो.

| उरलेला दिवस | स्पॉट | डेल्टा | हवी ती युनिट्स | व्यवहार |
|---|---|---|---|---|
| १ | १००० | ०.५०२ | ५०२ | ५०२ खरेदी |
| ३/४ | १००४ | ०.६७९ | ६७९ | १७७ खरेदी |
| १/२ | ९९९ | ०.४४५ | ४४५ | २३४ विक्री |
| १/४ | १००३ | ०.७२६ | ७२६ | २८१ खरेदी |
| १/८ | ९९९ | ०.३८९ | ३८९ | ३३७ विक्री |
| १/१६ | १००२ | ०.७८८ | ७८८ | ३९९ खरेदी |
| ० | ९९९ | ० | ० | ७८८ विक्री |

शेवटचा रकाना वरून खाली वाचला की सगळं कळतं. स्पॉटच्या हालचाली चार-पाच पॉइंटच्याच, शेवटी तर तीनच. व्यवहार मात्र १७७, २३४, २८१, ३३७, ३९९ असे फुगत जातात. शिवाय प्रत्येक खरेदी वरच्या भावाला आणि प्रत्येक विक्री खालच्या भावाला. ऑप्शन विकलेल्याला हे टाळता येत नाही: भाव चढला की डेल्टा वाढतो, म्हणून चढत्या भावात घ्यावंच लागतं.

हेजचा नफा-तोटा टप्प्याटप्प्याने: ५०२ युनिट्सवर ४ पॉइंट, +२००८. मग ६७९ वर ५ पॉइंट खाली, −३३९५. मग +१७८०, −२९०४, +११६७, −२३६४. बेरीज −३७०८. कॉल स्ट्राइकखाली संपला, म्हणून त्यावर काही द्यावं लागलं नाही. ३९९० वजा ३७०८, हातात २८२.

कॉल कवडीमोल संपला, स्पॉट दिवसभरात फक्त एक पॉइंट हलला, तरी प्रीमियमचा बहुतेक भाग हेजमध्ये गेला. नव्या माणसाला हे खटकतं, "काहीच झालं नाही तर पैसे गेले कुठे?" असं वाटतं. झालं बरंच. हालचालींचे वर्ग घेतले तर १६ + २५ + १६ + १६ + ९ + ९ = ९१. प्रीमियम ज्या गृहीतावर आकारला होता त्यात दिवसाचा वर्ग १०० होता. बाजार प्रत्यक्षात अपेक्षेपेक्षा थोडाच कमी हलला, म्हणून विक्रेत्याला थोडंच उरलं. सुरुवात आणि शेवट यांतलं अंतर हेज करणाऱ्याला काही सांगत नाही, वाटेतले हेलकावे सांगतात.

२० मे

कालच्या उदाहरणाला जोड. हेच हेलकावे २५ दिवस आधी आले असते तर? तेव्हा प्रत्येक पॉइंटला १००० कॉल्समागे ८ युनिट्स लागतात. मधल्या पाच फेरबदलांत एकूण सुमारे १६० युनिट्स झाली असती. शेवटच्या दिवशी त्याच पाच फेरबदलांत १४२८ झाली. जवळजवळ नऊपट.

हे महत्त्वाचं आहे कारण आतापर्यंत व्यवहाराचा खर्च शून्य धरला होता. दिवसभरातली एकूण उलाढाल, पहिली खरेदी आणि शेवटची विक्री धरून, २७१८ युनिट्स. खरेदी-विक्रीच्या भावांतल्या फरकाचा अर्धा भाग नुसता ०.१ पॉइंट असला तरी २७२ गेले. २८२ पैकी उरले दहा. जे हेजिंग कागदावर फायद्यात होतं ते बाजारात बरोबरीत सुटलं.

मग हेज कधी बसवायचा? ठराविक वेळेने बसवणं शेवटच्या दिवशी चुकीचं वाटतं. सकाळी एका तासात डेल्टा जितका बिघडतो तितकाच शेवटी काही मिनिटांत बिघडतो. म्हणून साधनात वेळेऐवजी डेल्टातली चूक हा निकष ठेवला: हातातली युनिट्स हव्या त्या आकड्यापासून ठराविक अंतरावर गेली की सूचना. ०.१० ही मर्यादा धरली तर अ‍ॅट-द-मनी असताना २५ दिवसांना स्पॉट १२.५ पॉइंट हलल्यावर सूचना येते, चार दिवसांना ५, एका दिवसाला २.५, पाव दिवसाला १.२५, आणि सोळाव्या भागाला जेमतेम ०.६ पॉइंटवर. शेवटचा आकडा भावांतल्या फरकाच्या जवळ आला की हेज करण्यात अर्थ उरत नाही, भाव नुसता बिडवरून ऑफरवर गेला तरी सूचना वाजेल. म्हणून मर्यादा स्थिर न ठेवता एक्सपायरीजवळ सैल होत जाईल अशी केली. थोडी जोखीम जाणूनबुजून अंगावर घेणं इथे स्वस्त पडतं.

२२ मे

मॉडेलच्या मर्यादा. आतापर्यंत १६ टक्के हा आकडा देवाने दिल्यासारखा वापरला. खरा प्रश्न असा की डेल्टा काढताना कोणती व्होलॅटिलिटी घालायची. बरोबर स्ट्राइकवर फरक पडत नाही, कुठलीही घाला, डेल्टा अर्ध्याजवळच येतो. पण पाव दिवस उरलेला असताना स्पॉट १००५ वर असेल तर १६ टक्क्यांना ०.८४ येतो, २४ टक्क्यांना ०.७५ आणि १० टक्क्यांना ०.९४. १००० कॉल्सवर हा जवळजवळ दोनशे युनिट्सचा फरक आहे, आणि तो बाजारातून नव्हे, आपल्या गृहीतातून आला आहे.

शेवटच्या तासांत बाजारभावावरून इम्प्लाइड व्होलॅटिलिटी काढणंही भरवशाचं राहत नाही. दिवसाचा सोळावा भाग उरला की कॉलची किंमत सुमारे १, आणि व्होलॅटिलिटी एक टक्का-बिंदूने बदलली तर किंमत जेमतेम ०.०६ ने हलते. किमतीची सर्वांत छोटी पायरी ०.०५ असेल तर एका पायरीत इम्प्लाइड व्होलॅटिलिटी जवळपास एक बिंदू उडी मारते. पडद्यावर ती १६, १७, १५ अशी नाचताना दिसते. ती बाजाराचं मत सांगत नसते, फक्त पायरीचा गोंगाट असतो. म्हणून साधन शेवटच्या तासात प्रत्येक टिकला नवी व्होलॅटिलिटी घेणार नाही, अनेक स्ट्राइक्सवरून गुळगुळीत केलेली घेईल.

आणि उड्या. मॉडेल समजतं की भाव सलग सरकतो आणि मध्ये कुठेही हेज करता येतो. मोठी घोषणा असेल तर भाव ९९७ वरून थेट १००४ वर उघडू शकतो. मधले पॉइंट येतच नाहीत, त्यामुळे तिथे हेज करायची संधीही येत नाही.

२६ मे

शेवटचा टप्पा: अगदी अखेरची मिनिटं. दिवसाचा शंभरावा भाग उरला की उरलेली हालचाल एक पॉइंट, गॅमा ०.४. सूत्राप्रमाणे वेळ शून्याकडे गेली की गॅमा अनंताकडे जातो, आणि हे ऐकून लोक घाबरतात. पण अनंत गॅमा म्हणजे अनंत तोटा नव्हे. क्षेत्रफळ एकच आहे. १००० कॉल विकून ५०० युनिट्स धरलेला माणूस बरोबर १००० वर असेल आणि भाव कुठल्याही दिशेने २ पॉइंट गेला तर नुकसान जास्तीत जास्त ५०० गुणिले २, म्हणजे १०००. गॅमा कितीही मोठा झाला तरी त्याच्या डेल्टातली चूक अर्ध्याच्या पुढे जाऊ शकत नाही, म्हणून तोटा अंतराने बांधलेला राहतो. शेवटच्या मिनिटांत गॅमाकडे न बघता हा हिशोब बघावा.

१९ तारखेच्या उदाहरणातला शेवटचा टप्पा याच नजरेने पुन्हा तपासला. स्पॉट १००२, हातात ७८८ युनिट्स, पुढे हेज नाही. एक्सपायरी ९९९ ला झाली तर दिवसाचा नफा २८२. बरोबर १००० ला झाली असती तर १०७०. १००२ लाच थांबला असता तर ६४६. एका पॉइंटने निकाल जवळजवळ चौपट होतो, आणि विक्रेत्यासाठी सगळ्यांत चांगली जागा बरोबर स्ट्राइक आहे, जिथे त्याचा डेल्टा सगळ्यांत अनिश्चित असतो. स्ट्राइकला चिकटून संपण्याच्या या जोखमीला पिन रिस्क म्हणतात. जिथे खरी मालमत्ता हातात येते किंवा द्यावी लागते, तिथे ती एक्सपायरीनंतरही संपत नाही: ९९९.९० की १०००.१० यावर समोरचा ऑप्शन वापरणार की नाही ते ठरतं, आणि विक्रेत्याला आपल्याकडे ७८८ युनिट्स उरली की २१२ कमी पडली हे नंतर कळतं.

जिथे अंतिम भाव एका क्षणाचा नसून शेवटच्या काही मिनिटांची सरासरी असतो, तिथे चित्र वेगळं होतं, आणि हे साधनात वेगळं हाताळावं लागलं. सरासरीची खिडकी अर्धी संपली की अंतिम भावाचा अर्धा भाग ठरून गेलेला असतो. आता स्पॉट एक पॉइंट हलून तिथेच राहिला तर सरासरी अर्धाच पॉइंट हलते. चतुर्थांश खिडकी उरली की पाव पॉइंट. त्यामुळे स्पॉटच्या संदर्भातला डेल्टा खिडकीच्या उरलेल्या हिश्श्याने कमी होत जातो आणि हेज हळूहळू सोडत न्यावा लागतो, एकदम नाही. साधं सूत्र वापरणारा मात्र खिडकीच्या शेवटापर्यंत पूर्ण डेल्टा धरून बसतो आणि खिडकी संपली की त्याच्या हातात उघडी युनिट्स राहतात.

पडद्यासाठी निर्णय असा: उरलेली हालचाल पाच पॉइंटच्या खाली गेली की गॅमाचा रकाना लपतो. त्याऐवजी तीन आकडे दिसतात, स्ट्राइकपासूनचं अंतर उरलेल्या हालचालीच्या पटीत, सध्याच्या हेजने स्ट्राइकच्या वर आणि खाली एक-एक विचलनावर संपल्यास काय मिळेल, आणि अंतिम भाव सरासरीचा असेल तर खिडकीचा किती हिस्सा उरला. सहकारी उद्या हे जुन्या एक्सपायरींच्या मिनिटवार भावांवर चालवून पाहणार आहे.